दोन वाजताचा पेपर साडेअकराला

*मी मूळची सांगलीची. तीन वर्षांपासून दोह्यात अकाउंट्समध्ये नोकरी करते. सीए इंटरमीजिएटचा दुसरा ग्रुप दोहा केंद्रावरून देणार आहे. वेळापत्रकात दुपारी २ ते ५ असे छापलेले असते, म्हणून सकाळी ऑफिस करून अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी असे ठरवले होते. पण एक सहकारी म्हणतो की इथे पेपर साडेअकराला सुरू होतो. नक्की काय धरायचे? केंद्रावर किती आधी पोहोचायचे? दुसरे असे, की शेवटच्या पेपरनंतर चौथ्या दिवशी दिराच्या लग्नासाठी सांगलीला निघायचे आहे. मागे ऐन परीक्षेत तारखा पुढे गेल्या होत्या. तसे झाले तर ते इथल्या केंद्रालाही लागू होते का? तिकीट काढू की थांबू? — एक परीक्षार्थी, दोहा*

तुमच्या सहकाऱ्याचे बरोबर आहे. पेपर दोह्याच्या घड्याळाप्रमाणे साडेअकराला सुरू होईल आणि अडीचला संपेल. त्यामुळे अर्ध्या रजेचा अर्ज परत घ्या आणि प्रत्येक पेपरला पूर्ण दिवसाची रजा मागा. साहेबांनी वेळापत्रकाकडे बोट दाखवून "दोनला तर आहे, सकाळी या की" असे म्हटले, तर त्यांना सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेची मूळ सूचना दाखवा. तिच्यात परदेशातल्या केंद्रांच्या स्थानिक वेळा शब्दांत लिहिलेल्या असतात. वेळापत्रकाचा तक्ता तेवढा सगळे पाहतात, त्याखालचा मजकूर वाचायचा राहून जातो, आणि नेमकी तुमच्या कामाची ओळ तिथेच असते.

त्या मजकुरानुसार अबू धाबी, दुबई आणि मस्कत इथे पेपर स्थानिक वेळेप्रमाणे दुपारी साडेबाराला सुरू होतो. बहरीन, दोहा, कुवेत आणि रियाध इथे सकाळी साडेअकराला. काठमांडूत सव्वादोनला, तर थिंफूत अडीचला. या सगळ्या वेळा म्हणजे भारतातल्या दुपारच्या दोनचीच निरनिराळी रूपे आहेत. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि कतारची तीन तास, म्हणून तुमच्यात आणि सांगलीत अडीच तासांचा फरक पडतो. ओमान आणि अमिरातीची वेळ चार तास पुढे असल्याने तिथला फरक दीडच तासाचा राहतो. म्हणूनच मस्कतच्या मैत्रिणीने "आमच्याकडे साडेबाराला असतो" असे सांगितले, तर तिचेही खरे असते आणि तुमच्या सहकाऱ्याचेही. आखातातली माणसे एकमेकांना वेळ सांगताना आपापल्या गावाची सांगतात आणि गाव सांगायला विसरतात. निम्मा गोंधळ तिथून सुरू होतो.

वेळ अशी का बांधलेली असते, हे एकदा लक्षात घेतले की पुन्हा शंका येत नाही. सर्व केंद्रांवर प्रश्नपत्रिका एकच असते. समजा, दोह्यात ती स्थानिक दोन वाजता दिली असती, तर तेव्हा सांगलीत साडेचार वाजलेले असते. अर्ध्या तासाने भारतातली हजारो मुले वर्गाबाहेर पडली असती आणि तुमच्या हातातल्या पेपरचे प्रश्न, बहुधा उत्तरांसकट, सगळ्यांच्या फोनवर फिरू लागले असते. उलट काठमांडू आणि थिंफूचे. त्यांनी आपापल्या घड्याळाप्रमाणे दोनला सुरुवात केली, तर तिथला पेपर भारताच्या पंधरा मिनिटे आणि अर्धा तास आधी फुटेल. यावर सोपा उपाय एकच, की सर्वांनी एकाच क्षणी पाकीट फोडायचे. जगभर पसरलेल्या परीक्षांना हे जमत नाही, कारण त्यांच्या एका केंद्रावर दुपार असते तेव्हा दुसऱ्या केंद्रावर मध्यरात्र असते. म्हणून केंब्रिज इंटरनॅशनलच्या शालेय परीक्षांत वेगळी रीत आहे. तिथे प्रत्येक देशाला एक ठरावीक क्षण नेमून दिलेला असतो आणि त्या क्षणी विद्यार्थी एकतर पेपर लिहीत असला पाहिजे, नाहीतर शाळेच्या नजरेखाली फोनविना बसलेला असला पाहिजे. सीएच्या परीक्षेला एवढा खटाटोप लागत नाही, कारण तिची सगळी परदेशी केंद्रे भारताच्या अडीच तास मागे ते अर्धा तास पुढे एवढ्याच पट्ट्यात बसतात. यातून तुमचा आणखी एक फायदा होतो. तारीख कुठेच बदलत नाही. भारतात ज्या तारखेला पेपर, त्याच तारखेला दोह्यात.

हा फरक वर्षभर तोच राहतो, कारण भारतात किंवा आखाती देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढेमागे करत नाहीत. लंडनहून दुबईला येऊन परीक्षा देणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या घरच्या घड्याळात भारतातले दोन म्हणजे जानेवारीत सकाळचे साडेआठ आणि मे महिन्यात साडेनऊ असतात, त्यामुळे मागच्या अटेम्प्टची टिपणवही पुढच्या अटेम्प्टला चालत नाही. तुम्ही मात्र अडीच तास एकदाच पाठ करून ठेवा.

आता घड्याळाच्या खऱ्या सापळ्याकडे वळतो, आणि तो आहे तुमचा फोन. पेपरची वेळ फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकली की बहुतेक फोन ती त्या वेळी तुम्ही ज्या देशात आहात तिथली समजून जतन करतात आणि तुम्ही देश बदललात की ती आपणहून फिरवतात. समजा, तुम्ही गणपतीला सांगलीला आला असताना कुणाचे तरी ऐकून "पेपर सकाळी ११:३०" अशी नोंद केलीत. फोनने ती भारतातली साडेअकरा धरली. दोह्यात उतरल्यावर तीच नोंद सकाळी नऊची दिसू लागेल. यात नुकसान एवढेच, की तुम्ही उगाच लवकर पोहोचाल. पण दोह्यात बसून वेळापत्रकातली "दुपारी २" ही नोंद जशीच्या तशी टाकलीत, तर फोन तुम्हाला इमाने इतबारे दोह्यातल्या दोन वाजता आठवण करून देईल, आणि तेव्हा पेपर संपायला अर्धा तास उरलेला असेल. नोंद करताना वेळेखालचा प्रमाणवेळेचा पर्याय उघडा आणि तिथे शहर निवडा. भारताची वेळ त्या यादीत मुंबई किंवा दिल्लीच्या नावाने काही वेळा सापडत नाही. तेव्हा ती कोलकात्याच्या नावाने शोधा; बऱ्याच ठिकाणी ती `Asia/Kolkata` अशी दिसते. तिथे दोन वाजता असे टाकलेत की फोन दोह्यात स्वतःच साडेअकरा दाखवेल. ते तसे दिसले, तर नोंद बरोबर झाली असे समजा.

वेळ बदलून देणाऱ्या संकेतस्थळांवर नुसते `IST` टाकू नका. ही तीन अक्षरे भारताइतकीच इस्रायल आणि आयर्लंड या देशांच्या वेळेलाही वापरतात. तसेच `AST` म्हणजे अरबस्तानची वेळ, पण अटलांटिक किनाऱ्याचीही. आपण घाईत अक्षरे टाकतो आणि उत्तर येते ते भलत्याच देशाचे. शहराच्या नावाने शोधले की हा प्रश्न उरत नाही.

मी बरीच वर्षे एका आखाती शहरातल्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो आहे, आणि या चुकीचा चेहरा मी जवळून पाहिला आहे. पेपर सुरू होऊन सव्वा तास झाला होता. फाटकाशी एक मुलगा आला. हातात पारदर्शक पाउच, त्यात दोन पेने आणि कॅल्क्युलेटर, खांद्याला पाण्याची बाटली. चेहरा अगदी निवांत. त्याने मलाच विचारले, "सर, अजून कोणीच आले नाही का?" अंगण रिकामे का आहे, याचा त्याला अर्थ लागत नव्हता. अभ्यास झालेला मुलगा होता तो. त्याच्या अ‍ॅडमिट कार्डावरच्या वेळेपुढची भारतीय प्रमाणवेळेची अक्षरे मी बोटाने दाखवली, तेव्हा तो बराच वेळ त्या बोटाकडेच पाहत राहिला. त्याला आत सोडण्याचा अधिकार मला नव्हता, तसा तो कोणत्याच पर्यवेक्षकाला नसतो. हातापाया पडल्यानेही काही होत नाही.

पोहोचण्याच्या वेळेकडे येताना आधी हे पाहा, की साडेअकरा ही लिहायला सुरुवात करण्याची वेळ आहे. भारतात पावणेदोन ते दोन ही पंधरा मिनिटे प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी असतात. इंटरमीजिएटच्या सगळ्या पेपरांना ही सवलत मिळते. फाउंडेशनच्या तिसऱ्या आणि चौथ्या पेपरला ती मिळत नाही. म्हणजे तुमच्या हातात प्रश्नपत्रिका पडायची ती सव्वाअकराला. त्याआधी तुमच्या बाकावर उत्तरपत्रिका येणार, बहुपर्यायी प्रश्नांसाठी ओएमआर पत्रिका येणार, त्यांवर रोल नंबर लिहून त्याचे गोल काळे करायचे, अ‍ॅडमिट कार्ड तपासून घ्यायचे आणि हजेरीपटावर सही करायची. एवढे उरकायला निवांत पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि हे काम घाईत करणाऱ्याचाच रोल नंबर चुकतो. त्याआधी फाटकावरची तपासणी, फोन आणि पिशवी ठेवण्याची रांग, आपली खोली शोधणे हे सगळे असते. मी उलटीकडून मोजतो. सव्वाअकराला प्रश्नपत्रिका, पावणेअकराला बाकावर, सव्वादहाला फाटकाशी. म्हणून घरातून निघताना सव्वादहा ही पोहोचण्याची वेळ धरा.

प्रवेशाची शेवटची वेळ, म्हणजे ज्यानंतर फाटक उघडत नाही ती, तुमच्या अ‍ॅडमिट कार्डावरच्या सूचनांत पाहा. ती वाचताना एकच काळजी घ्या: आकड्यापुढे भारतीय वेळ लिहिली आहे की स्थानिक, हे आधी बघा. सूचना सर्व परीक्षार्थींसाठी सारख्याच छापलेल्या असतात आणि त्या भारतातल्या घड्याळाला धरून लिहिलेल्या असतात. तिथे "दुपारी १ वाजता" असे काही दिसले, तर दोह्यात ते साडेदहा होतात. अ‍ॅडमिट कार्ड टपालाने येत नाही; ते परीक्षेच्या सुमारे दोन आठवडे आधी `eservices.icai.org` वरून आपणच उतरवून छापून घ्यायचे असते. छापल्याबरोबर पेन घ्या आणि प्रत्येक वेळेशेजारी दोह्याची वेळ हाताने लिहा, पण ही लिहालिही एका वेगळ्या प्रतीवर करा. केंद्रावर न्यायची प्रत कोरी ठेवा, कारण तिच्यावर काही खरडलेले दिसले की पर्यवेक्षकाला ते नीट पाहावेच लागते, आणि सकाळी सकाळी तो वाद कोणालाच नको असतो.

शुक्रवारी एखादा पेपर आला, तर हिशोब आणखी अर्धा तास मागे सरकवा. कतारमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे ऑफिसची गर्दी नसेल हे खरे. पण जुम्याचा नमाज दुपारच्या सुरुवातीला, म्हणजे तुम्ही पहिले पान लिहीत असाल त्याच सुमारास असतो. मशिदींच्या आसपास अकरापासूनच गाड्या लागायला लागतात, रस्ते अडतात आणि टॅक्सी लवकर मिळत नाही. सार्वजनिक वाहतूकही शुक्रवारी इतर दिवसांपेक्षा उशिरा सुरू होते. केंद्रापर्यंतचा रस्ता पाहून यायचा असेल, तर तो आदल्या शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास पाहा. मंगळवारी संध्याकाळी पाहिलेला रस्ता उपयोगाचा नाही. रविवारच्या पेपरला उलटी गंमत. भारतात ती सुट्टी, म्हणून तिथले परीक्षार्थी रजेचा विचारच करत नाहीत. तुमच्या ऑफिसात मात्र आठवड्याचा पहिला आणि सर्वांत गर्दीचा दिवस. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, म्हणून दुबईच्या मैत्रिणीच्या रजेच्या हिशोबावरून स्वतःचा करू नका.

खोलीतले भिंतीवरचे घड्याळ स्थानिक वेळ दाखवते आणि पर्यवेक्षकही त्याच वेळेने घोषणा करतात. सराव पेपर सोडवताना ज्यांनी "पाचला संपवायचे" असा हिशोब बसवलेला असतो, त्यांची सुरुवातीची काही मिनिटे मनातल्या मनात वजाबाकी करण्यात जातात. म्हणून शेवटचे चार-पाच सराव पेपर सव्वाअकराला वाचायला घेऊन अडीचला खाली ठेवा. त्यात पोटाचाही प्रश्न आहे. सांगलीतली मुलगी जेवून पेपरला बसते; तुमचा पेपर नेमका जेवणाच्या वेळेवरून जातो. नऊच्या सुमारास पोटभर खाल्ले, की साडेबाराला हात थरथरत नाही. कॉस्टिंगच्या पेपरात शेवटची वीस मार्कांची बेरीज भुकेपोटी चुकलेली मी पाहिली आहे.

अर्जाच्या तारखांनाही हेच घड्याळ लागू पडते, आणि ही गोष्ट तुम्ही विचारलेली नसली तरी सांगतो. अर्ज भरण्याची शेवटची तारीख भारतातली असते. भारतात मध्यरात्र होते तेव्हा दोह्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. ऑफिसहून येऊन, स्वयंपाक उरकून, दहाला लॅपटॉप उघडणाऱ्याला तोपर्यंत दुसरी तारीख लागलेली असते आणि विलंब शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. मुदतीनंतर काही दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते आणि त्या काळात परीक्षेचे शहर, ग्रुप किंवा माध्यम बदलता येते. सांगलीला येऊनच परीक्षा द्यावी असे मनात असेल, तर तो विचार त्या खिडकीच्या आत पूर्ण करा. अ‍ॅडमिट कार्ड हातात आल्यावर शहर बदलून मिळेल, या आशेवर राहू नका.

आता तारखा बदलण्याविषयी. इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्या: सुट्टी लागली म्हणून तारीख आपोआप बदलत नाही. आयसीएआयच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेले असते, की परीक्षेच्या एखाद्या दिवशी केंद्र सरकारने, राज्य सरकारने किंवा स्थानिक पातळीवर सुट्टी जाहीर झाली तरी वेळापत्रक बदलणार नाही. आखातात हे विशेष ध्यानात ठेवावे लागते, कारण ईदची सुट्टी चंद्रदर्शनावर ठरते आणि एखाद्या दिवसाने पुढेमागे होऊ शकते. कंपनीने अचानक सुट्टी जाहीर केली म्हणजे पेपरही टळला, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका.

बदल होतो तो आयसीएआयच्या स्वतंत्र सूचनेने, आणि त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला प्रकार सर्वांसाठीचा. २०२४ च्या मे महिन्यात इंटरमीजिएटच्या पहिल्या ग्रुपचे पेपर ३, ५ आणि ७ मे रोजी आणि दुसऱ्या ग्रुपचे ९, ११ आणि १३ मे रोजी होते. मग लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. ७ आणि १३ मे या मतदानाच्या तारखा निघाल्या. आयसीएआयने मार्चमध्येच नवे वेळापत्रक दिले. ७ तारखेचा पेपर ९ ला गेला आणि दुसरा ग्रुप ११, १५ आणि १७ मे असा सरकला. दोह्यात काही मतदान नव्हते, पण प्रश्नपत्रिका एकच असल्याने दोह्याचाही पेपर त्याच तारखांना झाला. जानेवारी २०२५ मध्ये फाउंडेशनचा १४ तारखेचा पेपर संक्रांत, पोंगल, बिहू अशा सणांमुळे १६ ला नेला, तेव्हाही तसेच. वेळ सर्वत्र एकच असण्यामागचे कारण आणि तारीख सर्वत्र एकच असण्यामागचे कारण एकच आहे.

तुम्ही ज्या बदलाचा उल्लेख केलात, तो बहुधा मे २०२५ चा. त्या वेळी इंटरमीजिएटचा पहिला ग्रुप ३, ५ आणि ७ मे रोजी होऊन गेला होता आणि दुसऱ्या ग्रुपचे पेपर ९, ११ आणि १४ मे रोजी होते. सीमेवरील तणावामुळे आयसीएआयने ९ ते १४ मे दरम्यानचे उरलेले पेपर अगदी तोंडावर पुढे ढकलले आणि पुढे ते १६ ते २४ मे या दिवसांत घेतले. रोजची वेळ दुपारी दोनचीच राहिली. ९ मे हा शुक्रवार होता. म्हणजे आखातातल्या एखाद्या परीक्षार्थीने गुरुवारी रात्री पेन आणि कॅल्क्युलेटर काढून ठेवले असतील, तर त्याचीही रात्र वाया गेली.

दुसरा प्रकार काही शहरांपुरता असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पुरामुळे पंजाब आणि जम्मूतल्या केंद्रांवरचे ३ आणि ४ तारखेचे पेपर पुढे ढकलले. बाकीच्या केंद्रांवर ते ठरल्याप्रमाणे झाले. अशा वेळी त्या शहरांतल्या परीक्षार्थींचा पेपर नंतर स्वतंत्रपणे घेतला जातो. बातमीचा मथळा मात्र दोन्ही वेळी सारखाच असतो: "सीए परीक्षा पुढे ढकलली". भावकीच्या ग्रुपवर तो मथळा सकाळी आठला पोहोचतो, सगळे अभिनंदन केल्यासारखे "चला, वेळ मिळाला" म्हणतात, आणि एखादी बिचारी मुलगी दोह्यात नऊला पुन्हा झोपून जाते. म्हणून मथळा वाचून काही ठरवू नका. `icai.org` वर मूळ सूचना उघडा आणि तिच्यात तीन गोष्टी शोधा: कोणत्या तारखांचे पेपर, कोणत्या शहरांतले, आणि सूचनेवर स्वतःची तारीख कोणती. जुन्या वर्षाची सूचना परीक्षेच्या हंगामात पुन्हा फिरवली जाण्याचा प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे. शहरांची यादी दिलेली असेल आणि तिच्यात दोहा नसेल, तर तुमचा पेपर साडेअकरालाच आहे.

पेपरच्या दिवशी ही तपासणी सकाळी सहा वाजता करा. तेव्हा भारतात साडेआठ वाजलेले असतात; रात्रीतून काही निघाले असेल तर ते तोपर्यंत संकेतस्थळावर आलेले असते. तुमचे भारताच्या मागे असणे इथे मात्र पथ्यावर पडते.

तिकिटाचा निर्णय या आकड्यांवरूनच करता येतो. २०२४ मध्ये दुसऱ्या ग्रुपचा शेवटचा पेपर १३ वरून १७ मे ला गेला, म्हणजे चार दिवसांचा फरक. त्याची कल्पना दीड महिना आधी मिळाली होती. २०२५ मध्ये शेवटचे पेपर १४ वरून २४ मे पर्यंत लांबले, म्हणजे दहा दिवसांपर्यंतचा फरक, आणि तो जवळजवळ कोणतीही पूर्वसूचना न मिळता. तुमच्यासारखी चौथ्या दिवशी निघणारी व्यक्ती पहिल्या प्रसंगात काठावर सापडली असती, तिकिटाचे पैसे मात्र वाचवू शकली असती. दुसऱ्या प्रसंगात ती विमानात बसली असती तेव्हा तिचा पेपर अजून व्हायचा होता. असे बदल दरवेळी होत नाहीत, हे मान्य. पण तिकीट काढताना कोणता अटेम्प्ट तसा निघेल हे कोणालाच सांगता येत नाही.

लग्नाची तारीख हलणार नाही, म्हणून हलवायचे ते तिकीट. तारीख बदलता येईल असेच तिकीट काढा, थोडे महाग पडले तरी. जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळे काढले, तर फक्त जाण्याच्या तिकिटापुरते जास्त पैसे मोजावे लागतील. वार्षिक रजेचा अर्ज करताना परीक्षेचे दिवस आणि लग्नाचे दिवस एकाच अर्जात घालू नका, कारण पेपर लांबले तर त्या अर्जातले दिवस घरात बसून संपतील आणि पुढे गेलेल्या पेपरांना रजा शिल्लक राहणार नाही. ऑफिसात आत्ताच सांगून ठेवा, की आयसीएआयने तारीख बदलली तर त्या दिवसांच्या बदल्यात नवे दिवस लागतील. सूचनेची प्रत जोडेन असे लेखी कळवा. आखातातली बहुतेक ऑफिसे कागद पाहिल्यावर ऐकतात, तोंडी सांगितलेले विसरतात.

सासरी एवढेच कळवा, की मेंदीला पोहोचण्याचा शब्द देता येणार नाही, हळदीला नक्की येईन. आणि पेपर पुढे गेलेच, तर तारीख कळल्याबरोबर आधी तिकीट बदला, मग अभ्यासाचे नवे वेळापत्रक करा. त्या दोन दिवसांत दोहा-पुण्याच्या जागा भराभर जातात.